पाच मिनिटांत आठ स्ट्रेच बसत नाहीत

*ताई, नमस्कार. दिवसभर बसून काम करणाऱ्या आमच्या टीमसाठी मी पाच मिनिटांचा स्ट्रेचिंगचा व्हिडिओ बनवतोय. आठ हालचाली, प्रत्येकी ३० सेकंद, सुरुवातीला आणि शेवटी थोडं बोलणं, अशी स्क्रिप्ट लिहिली. सहा जणांना दाखवून पाहिलं, तर चौघं सतत मागे पडत होते. मान गोल फिरवताना एका सहकाऱ्याला गरगरलंसुद्धा. स्क्रिप्ट आणि चाचणीचा व्हिडिओ सोबत पाठवला आहे. वेळा कुठे चुकतात? आणि मानेचं काय करू?*
*– आठ तासांचा खुर्चीकर*

आधी गरगरलेल्या सहकाऱ्याबद्दल, कारण ते थांबू शकत नाही. त्यांना एवढंच विचारा: झोपेत कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचं काही काढायला मान मागे टाकली की असंच होतं का? हो म्हणाले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. त्यातले बारीक कण जागा सोडून सरकले की डोक्याची ठरावीक स्थिती आली रे आली की खोली फिरायला लागते. त्यावर साधा उपाय असतो, पण तो व्हिडिओ बघून करायचा नाही. गरगरण्यासोबत दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, चेहरा किंवा हात बधिर होणं, अचानक भयंकर डोकं दुखणं यातलं काही असेल तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

आणि मान गोल फिरवणं स्क्रिप्टमधून काढून टाका. ‘हळू फिरवा’ अशी सूचना जोडून ते वाचवायचा प्रयत्न करू नका. डोकं मागे टाकलेलं असताना ते वळवलं की मानेच्या मागच्या बारीक सांध्यांवर दाब येतो आणि कानातल्या यंत्रणेला एकाच वेळी दोन-तीन दिशांची हालचाल कळवावी लागते. तुमच्यासमोर कोण बसलंय हे तुम्हाला दिसत नसताना ही जोखीम घेण्याइतकं त्या हालचालीत काही नाही. मान एका वेळी एकाच दिशेला न्यायची, तिथे थांबायचं, मधे आणायचं, मग दुसरी दिशा. फुकट मिळणारा ‘कट्’ आवाज सोडला तर तुमच्या प्रेक्षकांचं काही नुकसान होणार नाही.

आता वेळांकडे येऊ. तुमच्या स्क्रिप्टमधला दुसरा परिच्छेद मी मोठ्याने वाचून पाहिला. ‘आता मान डाव्या बाजूला झुकवा, उजव्या हाताने खुर्ची धरा, खांदा वर येऊ देऊ नका, नाक समोर ठेवा, श्वास रोखू नका, १५ सेकंद थांबा आणि मग दुसऱ्या बाजूला करा.’ घाई न करता वाचायला १२ सेकंद लागले. तीसमधले १२ गेले, उरले १८. म्हणजे एका बाजूला ९. त्यातही मान नेणं, परत आणणं आणि हात बदलणं धरलं तर प्रत्यक्ष थांबायला चार-पाच सेकंदही उरत नाहीत. तुम्ही लिहिलंय १५. मागे पडलेले ते चौघं मंद नव्हते. त्यांनी तुम्ही सांगितलेले १५ सेकंद प्रामाणिकपणे मोजले, एवढंच.

व्यायामाचे व्हिडिओ लिहिणारे बहुतेक जण इथेच फसतात. आपण फक्त थांबण्याची वेळ लिहितो आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं शून्य सेकंदांत होणार असं धरतो. प्रत्यक्षात एका स्ट्रेचचे चार तुकडे असतात: तयारी, हालचाल, थांबणं आणि परत येणं. हालचालीला आणि परत येण्याला प्रत्येकी तीन सेकंद लागतातच, त्यापेक्षा कमी दिले तर लोक झटका देतात. तयारीला बसल्या जागी ८ ते १० सेकंद लागतात, उभं राहून करायचं असेल तर जास्त. थांबण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस बहुतेक प्रौढांना १० ते ३० सेकंदांची आहे. मी २० धरते. दहा सेकंदांत ऑफिसातला माणूस जेमतेम ‘बरोबर करतोय ना’ इथवर पोचतो, आणि तिसाव्या सेकंदाला त्याचा हात माउसकडे जातो.

म्हणजे दोन्ही बाजूंना करायच्या एका स्ट्रेचला ६५ ते ७५ सेकंद लागतात. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. आठ बसणारच नाहीत, पाच बसतात. तेही त्यातल्या दोनच हालचाली दोन बाजूंच्या ठेवल्या तर.

मी तुमच्या जागी असते तर ते ३०० सेकंद असे वाटले असते. पहिले १५ सेकंद सुरुवात: खुर्ची टेबलापासून हातभर मागे, दोन्ही तळपाय जमिनीवर, आणि एकच सुरक्षेचं वाक्य. मग ३० सेकंद बैठक हलवणं. ४० सेकंद हनुवटी मागे घेणं. ७० सेकंद मानेच्या बाजूचा स्ट्रेच. ४० सेकंद पाठीचा वरचा भाग उघडणं. १५ सेकंद फक्त उभं राहायला. ७५ सेकंद मांडीच्या पुढच्या बाजूचा स्ट्रेच. शेवटचे १५ सेकंद खिडकीबाहेर किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहत उभं राहणं. बेरीज करून बघा, तीनशे भरतात. उभं राहायला १५ सेकंद ही उधळपट्टी वाटेल, पण हेडफोन काढणं, खुर्ची मागे सारणं, वायरमधून पाय सोडवणं हे सगळं त्यातच होतं.

प्रत्येक तुकडा लिहिताना वेळ कशापुढे टाकायची, हा यातला सगळ्यात नाजूक भाग. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ‘डावा कान हळूच डाव्या खांद्याकडे न्या’ या वाक्यात ऐकणारा ‘न्या’ ऐकेपर्यंत हलत नाही. तुम्ही मात्र वेळ लिहिलीय ती वाक्याच्या सुरुवातीची. वाक्य तीन सेकंदांचं असेल तर तुमचं घड्याळ प्रेक्षकाच्या तीन सेकंद पुढे धावतं, आणि दर वाक्याला ही थकबाकी वाढत जाते. म्हणून वेळ नेहमी क्रियापदाची लिहा. मी स्क्रिप्टमध्ये क्रियापदाखाली रेघ मारते आणि त्या रेघेसमोर सेकंद टाकते.

याच रचनेचा एक फायदाही आहे. अटी क्रियापदाच्या आधी येऊ शकतात. ‘नाक समोरच ठेवून, खांदा न उचलता, डावा कान डाव्या खांद्याकडे न्या.’ प्रेक्षक हलायच्या आत त्याला सगळं कळलेलं असतं. तुम्ही अटी मागून जोडल्यात, ‘न्या, पण खांदा वर येऊ देऊ नका’. तोवर खांदा वर आलेला असतो, मग माणूस चूक सुधारायला परत मधे येतो आणि मागे पडतो. एका वाक्यात अटी मात्र दोनच. तिसरी आली की पहिली विसरली जाते.

आता मानेचा स्ट्रेच पूर्ण लिहून दाखवते. व्हिडिओच्या ८५व्या सेकंदाला तो सुरू होतो. पुढच्या वेळा क्रियापदाच्या आहेत.

१:२५ – (मंद घंटा) ‘पुढचा स्ट्रेच मानेच्या बाजूचा.’
१:३० – ‘पाठ खुर्चीला टेकवून निवांत बसा.’
१:३४ – ‘उजव्या हाताने खुर्चीच्या बैठकीची कड खालून धरा.’
१:३५ – ‘नाक समोरच ठेवून, डावा कान डाव्या खांद्याकडे…’
१:३८ – ‘…न्या. आणि इथेच थांबा.’
१:४४ – ‘उजवा खांदा वर चढला असेल तर खाली सोडा.’
१:५० – ‘मानेच्या उजव्या बाजूला हलकी ओढ जाणवायला हवी. दुखत असेल तर थोडं परत या.’
१:५५ – ‘आता डोकं हळूहळू मधे आणायचंय.’
१:५८ – ‘या मधे.’ (घंटा)
२:०३ – ‘हात बदला. डाव्या हाताने कड धरा.’
२:०६ – ‘उजवा कान उजव्या खांद्याकडे…’
२:०९ – ‘…न्या. थांबा.’
२:१५ – ‘डावा खांदा जड होऊ द्या.’
(पुढचे दहा सेकंद शांतता)
२:२६ – ‘मधे यायची तयारी.’
२:२९ – ‘या मधे.’ (घंटा)
२:३२ – ‘खुर्चीची कड सोडा.’
२:३५ – पुढची हालचाल.

यात ‘१:३५’ आणि ‘१:३८’ एकाच वाक्याचे दोन तुकडे आहेत, तेवढं लक्षात घ्या. पहिल्याला माणूस मनातल्या मनात तयार होतो, दुसऱ्याला हलतो. निवेदक मधे श्वास घेईल तेवढी फट आहे ती. आणि परत येण्याची सूचना तीन सेकंद आधी दिलीय, कारण २० सेकंद शांत बसलेल्या माणसाला एकदम ‘या मधे’ म्हटलं की तो डोकं उसळवतो. मानेच्या बाबतीत दुखापत व्हायची असेल तर ती बहुधा अशा परतीच्या झटक्यात होते, थांबलेलं असताना नाही.

दुसऱ्या बाजूला बोलणं कमी आहे हेही मुद्दाम. सगळ्या सूचना पहिल्या बाजूला देऊन झाल्यात. तीच वाक्यं पुन्हा ऐकली की लोक व्हिडिओ म्यूट करतात. शांतता मात्र दहा-बारा सेकंदांच्या वर नेऊ नका. त्याहून लांबली की प्रेक्षकाला वाटतं व्हिडिओ अडकला, आणि तो डोळे उघडून स्क्रीनकडे वळतो. म्हणजे मान सुटली.

‘ओढ’ हा शब्दही मी निवडून घेतलाय. तुमच्या स्क्रिप्टमध्ये सगळीकडे ‘ताण’ आहे. आपल्याकडे ताण म्हणजे कामाचा ताण, मनाचा ताण, कमरेला आलेला ताण, म्हणजे काहीतरी वाईट. ‘मानेवर ताण येईल’ असं ऐकल्यावर निम्मे लोक हात आखडता घेतात आणि उरलेले ‘अजून यायला हवा’ म्हणून हाताने डोकं खेचतात. हाताने डोकं खेचणं तर दाखवूच नका. ‘ओढ’ म्हटलं की माणूस आपोआप योग्य जागा शोधतो. तशीच गंमत ‘कंबर’ या शब्दाची आहे. कोणी ती पाठीच्या खालच्या भागाला म्हणतं, कोणी पट्टा बांधतो तिथे धरतं, कोणी खुब्याला. व्हिडिओत कंबर म्हणताना निवेदकाचा तळहात त्या जागी असलाच पाहिजे.

बाकीच्या हालचालींत जिथे हमखास गडबड होते तेवढंच सांगते.

बैठक हलवणं म्हणजे ‘ताठ बसा’च्या जागी टाकलेली हालचाल. ‘ताठ बसा’ ऐकलं की माणूस छाती पुढे काढतो, खांदे मागे खेचतो, श्वास धरतो आणि दीड मिनिटात पुन्हा घसरतो. आयुष्यभर धरून ठेवावी अशी एकच आदर्श बैठक नसते. चांगली बैठकही तासभर धरली की दुखायला लागते. त्यापेक्षा बसताना कुल्ह्यांखाली जी दोन टोकदार हाडं लागतात ती शोधायला लावा. सहा सेकंद शोधायला, मग त्या हाडांवरून पुढे-मागे झुलायचं, एक झोका चार सेकंदांचा, असे सहा. होतात ३०. शेवटच्या झोक्यानंतर वजन त्या हाडांच्या बरोबर वर येऊ द्यायचं, की पाठ आपोआप सरळ होते. खांद्यांचं नावही घ्यायचं नाही.

हनुवटी मागे घेण्यात दहातले आठ जण हनुवटी छातीकडे खाली नेतात. ‘हनुवटी आत घ्या’ या शब्दांचाच तो दोष. ‘डोळे एकाच रेषेत ठेवून, टेबलाचा खण बंद करावा तशी हनुवटी सरळ मागे सरकवा’ असं म्हणा. इथे निवेदकाला कॅमेऱ्यापुढे आडवं बसवा, समोरून ही हालचाल दिसतच नाही. गळ्याखाली वळी पडेल आणि तीच बरोबर केल्याची खूण आहे, हे सांगून टाका. नाहीतर लोक स्क्रीनच्या काळ्या काचेत स्वतःला बघून थांबवतात. वेळ: तयारीला १२ सेकंद, मग दोन सेकंद मागे, तीन सेकंद थांबणं, दोन सेकंद सोडणं, अशी चार आवर्तनं. ही हालचाल स्ट्रेचपेक्षा स्नायूंना जागं करणारी आहे, म्हणून २० सेकंद थांबायचं नाही. हाताकडे मुंग्या उतरल्या तर मात्र ती सोडून द्यायची आणि तज्ज्ञाला दाखवायचं. हे तुमच्या सुरक्षेच्या वाक्यात यायला हवं: ‘मुंग्या, बधिरपणा, गरगर किंवा झोंबणारी वेदना जाणवली तर तिथेच थांबा.’ एवढंच. यापेक्षा मोठी सूचना वाचायला गेलात तर १५ सेकंदांत खुर्ची मागे घ्यायलाही वेळ उरणार नाही.

पाठीचा वरचा भाग उघडताना तुम्ही खुर्चीच्या पाठीवरून मागे वाकायला सांगितलंय. घरच्या लाकडी खुर्चीत ते छान होतं, कारण तिची कड खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली येते. ऑफिसच्या उंच पाठीच्या खुर्चीत ती कड डोक्यापर्यंत जाते. वर ती पाठ मागे झुकणारी असली तर माणूस खुर्चीसकट मागे जातो. म्हणून खुर्चीवर अवलंबून नसलेला प्रकार घ्या. बैठकीच्या पुढच्या भागावर सरकून बसायचं, बोटं गुंफून हात डोक्यामागे आधाराला, कोपरं किंचित पुढे, आणि छातीचं मधलं हाड छताकडे उचलायचं. पोट पुढे ढकलायचं नाही. तयारीला १० सेकंद, चार आवर्तनं प्रत्येकी सातची, दोन सेकंद हात खाली आणायला. इथे प्रेक्षकाची नजर वर जाते, स्क्रीन दिसत नाही. तुम्ही कोपऱ्यात टाकलेली उलट मोजणी आणि रंगीत पट्टी इथे निरुपयोगी आहे. आवाजावरच सगळं चालायला हवं.

उलट, ऑफिसात कितीतरी जण आवाज बंद ठेवून बघणार. म्हणजे दोन्ही सांभाळायचंय: आवाज बंद करून आणि डोळे बंद करून, दोन्ही प्रकारे व्हिडिओ चालला पाहिजे. त्यासाठी सबटायटल बोलण्याच्या एक सेकंद आधी आणा आणि एका वेळी एकच ओळ ठेवा. लिहिताना मात्र ‘थांबा’ आणि ‘मधे या’ हे शब्द वेगळ्या रंगात द्या. मान वाकडी असताना माणूस वाक्य वाचत नाही, रंग बघतो.

उभं राहण्याच्या १५ सेकंदांत चाकांच्या खुर्चीचा विचार करा. ‘खुर्चीला धरून उभे राहा’ हे वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये दोनदा आहे, ते काढा. धरायचं ते टेबल.

मांडीच्या पुढच्या बाजूचा स्ट्रेच मी सोडू देणार नाही, कारण बसलेल्या माणसाचा खुबा दिवसभर दुमडलेला असतो आणि बसल्या जागचे व्यायाम त्याला हातच लावत नाहीत. दोन्ही हात टेबलावर, उजवा पाय एक मोठं पाऊल मागे, टाच उचललेली चालेल. पुढचा गुडघा वाकवायच्या आधी उजवा कुल्हा घट्ट आवळायचा. हा क्रम महत्त्वाचा. कुल्हा न आवळता पुढे गेलं की कमरेत कमान येते, ओढ कमरेत जाते आणि माणूस म्हणतो ‘तुमच्या व्हिडिओने कंबर धरली’. बरोबर झालं की ओढ जांघेपासून मांडीच्या वरच्या भागात जाणवते. म्हणून कुल्हा आवळण्याला स्वतंत्र क्रियापद, स्वतंत्र सेकंद. तयारी १२, हालचाल तीन, थांबणं २०, परत तीन, पाय बदलायला आठ, पुन्हा तीन, २०, तीन, आणि शेवटी पाय जुळवायला तीन: झाले ७५. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी चौकटीत दुसरी व्यक्ती बसून दाखवा: खुर्चीच्या पुढच्या भागावर बसून एक पाय समोर सरळ, टाच जमिनीवर, आणि पाठ न वाकवता खुब्यातून थोडं पुढे झुकणं. स्नायू वेगळा आहे, पण वेळा त्याच राहतात, त्यामुळे आवाज बदलावा लागत नाही. सुरक्षिततेसाठी त्यांची खुर्ची बिनचाकाची किंवा भिंतीला लावलेली हवी.

उजवं-डावं याबाबत. निवेदक कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर त्याने आरशासारखं वागायचं. तोंडाने ‘डावा’ म्हणायचं आणि स्वतःचा उजवा कान झुकवायचा. चार-पाच वेळा जीभ अडखळेल. सेल्फी कॅमेऱ्याने शूट करणार असाल तर शूट करताना दिसणारं चित्र आरशासारखं असतं, सेव्ह झालेलं कधी तसं असतं, कधी नाही. पहिला दहा सेकंदांचा तुकडा घेऊन तपासा. नंतर एडिटिंगमध्ये चित्र उलटवायचा मोह टाळा. भिंतीवरची अक्षरं उलटी होतात आणि अर्ध्या प्रेक्षकांचं लक्ष तिकडेच जातं.

आणि शूटिंगचा क्रम बदला. तुम्ही आधी हालचाली शूट केल्यात आणि मग त्यावर बोललात, हे ऐकताच कळतं. तुमचा आवाज चित्रामागे धावतोय. आधी आवाज रेकॉर्ड करा, घड्याळ समोर ठेवून, मिनिटाला शंभराच्या आत शब्द. मग तो आवाज स्पीकरवर लावून निवेदकाला त्यावर हालचाल करायला सांगा. तो अर्धा सेकंद मागे राहील, अगदी प्रेक्षकासारखा. तो जिथे गोंधळेल तिथे स्क्रिप्ट चुकलीय असं समजायचं आणि आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा. एडिट करताना २० सेकंद थांबण्याच्या जागा ‘कंटाळवाण्या’ वाटतील. तिथे कात्री लावली तर आत्तापर्यंतची सगळी बेरीज वाया गेली.

पुढची चाचणी सहा जणांवर नको, तिघांवर घ्या. एकाला नेहमीसारखं बघू द्या, दुसऱ्याला स्क्रीनकडे पाठ करून फक्त ऐकू द्या, तिसऱ्याला आवाज बंद करून. तुम्ही त्यांच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभे राहा आणि मानेच्या स्ट्रेचमध्ये प्रत्येकजण कितव्या सेकंदाला स्थिरावतो एवढंच टिपा. १:३८ला हलायला हवं. १:४१पर्यंत स्थिरावला तर ठीक. त्यापुढे गेलं तर तयारीचे सेकंद वाढवा आणि ते थांबण्यातून कापू नका, सुरुवातीच्या बोलण्यातून कापा. पाठ केलेला माणूस मागे पडला तर दोष शब्दांचा, आवाज बंद केलेला मागे पडला तर दोष सबटायटलचा.

टीमला एक गोष्ट खरी खरी सांगा. एकदा २० सेकंद थांबल्याने स्नायू लांब होत नाही. लवचीकता वाढवायची तर त्याच शिफारशीप्रमाणे एका स्नायूला एकूण सुमारे ६० सेकंद मिळायला हवेत, दोन ते चार आवर्तनांत, आणि आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस. तुमचा व्हिडिओ एकाच स्थितीत गोठलेल्या माणसाला हलवण्यासाठी आहे, आणि तो दिवसातून दोनदा लावला तरी ते काम होतं. स्क्रीन फार खाली असल्याने मान झुकत असेल तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणणं हाच उपाय आहे, मानेचे स्ट्रेच नाही. दुहेरी भिंगांचा चष्मा असणाऱ्यांना ती आणखी खाली लागते, नाहीतर ते खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करत राहतात.

तुमच्या आठांपैकी मनगटाच्या दोन हालचाली मी गाळल्यात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या वाईट नाहीत, फक्त या पाच मिनिटांत मावत नाहीत. त्यांचा वेगळा अडीच मिनिटांचा व्हिडिओ करा. तो बसल्या जागी होतो आणि मीटिंग सुरू व्हायची वाट बघतानाही करता येतो. त्यात कॅमेरा समोर ठेवू नका, निवेदकाच्या खांद्यामागून टेबलावर रोखून ठेवा. प्रेक्षकाला आपले हात जसे दिसतात तसेच हात दिसले की उजवं-डावं उलटवायची गरजच पडत नाही.